तबल्यासाठी घरी येणारे सर की क्लासमधले गुरुजी?

जुळे सोलापुरातल्या एका मित्राने परवा फोनवर विचारलं, "मुलाला तबला लावायचाय. घरी येणारे सर बघू की क्लासला घालू?" आम्ही दोन्ही करून बघितलंय, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. माझी मुलगी तिसरीत असताना सात महिने सर घरी येत होते. त्यानंतर गेलं दीड वर्ष ती सात रस्त्याच्या बाजूला एका गुरुजींकडे जाते. दोघांचाही हात तयार आहे, विद्येबद्दल शंका घ्यावी असं काही नाही. फरक आहे तो शिकवण्यात.

वेळेचं आधी सांगून टाकतो. सरांची वेळ संध्याकाळी सहाची, पण यायला साडेसहा, कधी पावणेसात व्हायचे. त्यांचीही अडचण होती, होटगी रोडची शिकवणी आटोपून विजापूर रोडला यायचं म्हणजे उशीर होणारच. पण मुलगी सहाला चुंबळीवर तबला मांडून बसायची आणि सर येईपर्यंत तिचा अर्धा उत्साह संपलेला असायचा. गुरुजींकडे पाच म्हणजे पाच. उशिरा आलेल्या मुलाने दाराशी बसायचं आणि चालू असलेलं आवर्तन संपेपर्यंत हाताने ताल द्यायचा, मग आत यायचं. तरी निव्वळ वेळेसाठी मी सर बदलले नसते.

सरांची पद्धत सुरुवातीला मला फार आवडली होती. बोल वहीत लिहून द्यायचे, बोटं एकेक करून बसवायचे. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला नुसती टेकलेली हवी आणि तर्जनी किनारीवर पडायला हवी. टेकलेलं बोट दाबलं की नाद मरतो. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी पंधरा दिवस घालवले, आणि मुलीचा 'ना' आजही स्वच्छ आहे तो त्यांच्यामुळेच. आवाज चढवून बोलले नाहीत कधी. तिसऱ्या महिन्यात दादरा, केरवा, तीनतालाचा ठेका आणि 'धा धा ते टे धा धा तीं ना' हा कायदा, एवढं सगळं वाजत होतं. पाहुण्यांसमोर ती वाजवायची तेव्हा मला खूप अभिमान वाटायचा.

मग आमच्या सोसायटीच्या गणपतीत ती एकटी बसली. मोबाईलवर तीनतालाचा लेहरा, म्हणजे तालाच्या सोळा मात्रांत पुन्हा पुन्हा फिरणारी धून, लावला होता, अगदी संथ लयीत. पहिली दोन आवर्तनं नीट गेली. तिसऱ्यात खालीला, म्हणजे नवव्या मात्रेपासून, 'धा तिं तिं ता' यायच्या जागी तिने पुन्हा 'धा धिं धिं धा' वाजवलं, लेहरा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आला आणि ही भलतीकडेच. तिने हात काढून घेतले. सर म्हणाले, "घाबरली थोडी, होतं असं." मलाही ते पटलं.

पण त्यानंतर शिकवणीच्या वेळी मी मुद्दाम आत, स्वयंपाकघरात बसून ऐकायला लागलो. तीनतालात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत, म्हणजे 'तिं तिं ता ता' या चार मात्रांत, डग्ग्याची गुंज थांबते आणि चौदाव्या मात्रेच्या 'धिं'ला परत येते. तबला न येणाऱ्या आईबापालाही भिंतीपलीकडून कळेल अशी ही खूण आहे. शिकवणीत ती गुंज बरोबर थांबत होती. सर गेल्यावर रियाजात मात्र दर दोन-तीन आवर्तनांनी थांबायची राहून जायची. बाहेर येऊन बसलो तेव्हा कारण दिसलं. ती जरा अडखळली की समोर बसलेल्या सरांचा हात डग्ग्यावर यायचा, आणि खाली-भरी ते स्वतः सांभाळून तिला समेवर आणून सोडायचे. तोंडाने बोल चालूच. सात महिन्यांत मुलीने स्वतःच्या हाताने खाली पार केलीच नव्हती म्हटलं तरी चालेल.

मी सरांशी बोललो. ते मनापासून म्हणाले, "अहो, लहान आहे ती. लय तुटली की मुलं रडवेली होतात." त्यांचा हेतू चांगला होता यात मला आजही शंका नाही. दोन शिकवण्या त्यांनी हात आवरला, तिसऱ्या दिवशी तो परत डग्ग्यावर. मला खटकलं ते एवढंच, पण त्यापुढे बाकीचं सगळं लहान वाटायला लागलं. शांत स्वभावाच्या या माणसाला मुलीची चूक ऐकून घेणं जमत नव्हतं.

गुरुजींकडे पहिल्या दिवशी मला आत बसू दिलं. सहा मुलं. सुरुवातीला गुरुजी हातोडीने तबला सुरात लावत होते आणि मुलांना विचारत होते, "सोळा घरांतलं कुठलं घर उतरलंय?" मुलं कान देऊन ऐकत होती. मग एक जण वाजवणार आणि उरलेले पाच हाताने टाळी-खाली देत पढंत करणार, म्हणजे तोंडाने बोल म्हणणार: एक, पाच, तेराला टाळी, नऊला खाली. मुलगी वाजवायला बसली आणि खालीत चुकलीच. गुरुजींनी तबल्याला हात लावला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. फक्त ताल देत राहिले. तीन आवर्तनं ती चाचपडत होती आणि खोलीत पढंत चालू होती. चौथ्या समेला तिने स्वतः 'धा' पकडला. आवर्तन पुरं झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुठे सुटलं?"

"खालीत."

"खालीत कुठे?"

"दुसऱ्या तिंला."

"मग उद्या तेवढंच."

त्या तीन आवर्तनांत माझाच जीव वरखाली होत होता, पण निर्णय तिथेच झाला.

गुरुजींकडे उणिवा आहेत, त्याही सांगतो. तासाभरात मुलीच्या वाट्याला प्रत्यक्ष तबला दहा-बारा मिनिटं येतो, बाकी पढंत. 'शाबास' हा शब्द तिने तिथे अजून ऐकलेला नाही. सहा जणांत एकेकाच्या बोटांकडे बघणं होत नाही. तिचं डावं मनगट डग्ग्यावर जास्त दाबतंय हे महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सरांनी ते पहिल्याच दिवशी हेरलं असतं. एप्रिल-मेच्या उन्हात पाचला तिला स्कूटरवर नेणं मला जिवावर येतं. आणि प्रगती संथ दिसते. गांधर्व महाविद्यालयाची 'प्रारंभिक' सर उन्हाळ्याच्या सत्रालाच देऊया म्हणत होते. गुरुजींनी ती नोव्हेंबर-डिसेंबरवर ढकलली, कारण खाली अजून डोळे मिटून येत नव्हती. मुलगी तेव्हा खूप हिरमुसली होती. नवा कायदा चार महिने मिळाला नाही, पण आता लेहऱ्यावर वीस मिनिटं एकटी बसते, आणि सुटली तर आपली आपण समेवर येते.

मित्राचा मुलगा सहा वर्षांचा आहे, बोटं अजून शाईच्या कडेला पुरत नाहीत. एवढ्या लहान वयात वर्षभर घरी कुणी हात बसवून दिला तर कदाचित बरंच पडेल, मी नाही म्हणणार नाही. पण माझ्या मुलीचं पुन्हा ठरवायचं झालं तर मी सरळ क्लासलाच जाईन. त्याला म्हटलं, शनिवारी पाचला मुलाला घेऊन ये, गुरुजी पालकांना बसू देतात. आणि घरी सर ठेवलेसच तर पहिल्या महिन्यात जवळ बस. मूल चुकलं की सरांचा हात कुठे जातो, तेवढं बघ.