लॅपटॉप स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माझी मान: सात महिन्यांनंतरचा अनुभव

मी नाशिकला सिडकोत राहते आणि अंबडच्या छोट्या कारखान्यांचे हिशेब, जीएसटीचे रिटर्न घरूनच करते. वय ४६, उंची पाच फूट दोन इंच, चष्मा प्रोग्रेसिव्ह. हे तिन्ही तपशील मुद्दाम देतेय, कारण स्टँड घेताना यातल्या एकाचाही मी विचार केला नव्हता.

दुपारी चारच्या सुमारास मान कवटीला जिथे मिळते तिथे ओढ बसायची. मग ती उजवीकडून वर चढत डोळ्याच्या मागे ठणकायला लागायची. मान वळवली की ठणका वाढायचा. जीएसटी रिटर्न भरायच्या, म्हणजे महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दिवस तर गोळीशिवाय जात नव्हते.

एमजी रोडवरून ॲल्युमिनियमचा स्टँड, साधा कीबोर्ड आणि माउस आणला. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवायची, असं सगळीकडे ऐकलं होतं, तसं केलं. पण आमचं जेवणाचं टेबल ३० इंच उंच आहे. माझ्या उंचीला ते जास्त होतं, त्यामुळे टाइप करताना खांदे वर उचललेले राहायचे. खुर्चीवर जाड उशी घेतली तेव्हा कोपर टेबलाच्या पातळीला आले, पण पाय लोंबकळायला लागले. मग पायाखाली देवघरातला जुना पाट घेतला. आठवड्याभरात खांदे मोकळे झाले. डोकेदुखी मात्र वाढली! स्टँड माळ्यावर टाकायच्या बेतात होते.

गंगापूर रोडवरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "ताई, कामाला बसून अर्धा तास झाला की घरच्या कोणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. मुद्दाम ताठ बसू नका." मुलाने काढला. त्यात माझी हनुवटी वर आणि डोकं मागे कललेलं दिसलं, तेही सतत.

कारण चष्मा. प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचा नंबर खालच्या भागात असतो. स्क्रीन वर गेल्यावर अक्षरं त्या भागातून पाहायला मला हनुवटी उचलावी लागत होती. तसं केलं की कवटीखालचे छोटे स्नायू तासन्‌तास आवळलेले राहतात. मानेच्या वरच्या भागातल्या नसा आणि चेहऱ्याच्या नसा मेंदूच्या बुंध्यात एकाच ठिकाणी पोचतात. म्हणून दुखणं मानेचं असूनही ते डोळ्यामागे जाणवतं, असं बाईंनी समजावलं.

स्टँड चार बोटं खाली घेतला आणि स्क्रीन थोडी मागे कलवली. त्याच दिवसापासून हनुवटी खाली आली. दोन महिन्यांनी फक्त कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा केला. त्यासाठी डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून नेलं होतं, ते ६२ सेंटिमीटर भरलं. हा चष्मा घालून गाडी चालवता येत नाही, एवढं लक्षात ठेवावं लागतं. तुमचीही स्क्रीन तपासून बघायची असेल तर डोळे मिटून मान आरामात ठेवा, मग डोळे उघडा. मधली ओळ वाचायला हनुवटी हलवावी लागली, तर स्क्रीन किंवा चष्मा, दोन्हींपैकी एक चुकतंय.

बिलांचा गठ्ठा टेबलावर आडवा असायचा, तो आता कीबोर्ड आणि स्क्रीनच्या मध्ये उभ्या पॅडवर लावते. फोन कान आणि खांद्यात धरणं बंद केलं. हे मला सगळ्यात जड गेलं, कारण पार्टीशी बोलता बोलता आकडे भरायची वर्षांची सवय होती. आता इअरफोन लावते आणि फोन आला की उठून चालते. दर अर्ध्या तासाचा अलार्म चार दिवसांत बंद केला होता. त्याऐवजी दहा बिलं झाली की उठायचं, हे मात्र टिकलं. सकाळ-संध्याकाळ उताणं झोपून हनुवटी हलकेच आत ओढायची, पाच सेकंद धरायची, असं दहा वेळा. हनुवटी छातीकडे वाकवायची नाही, सरळ मागे न्यायची. पहिले दिवस मी वाकवतच होते आणि मान जास्तच दुखायची.

दुखण्यात पहिले तीन आठवडे काही फरक नव्हता. मी कॅलेंडरवर दुखलेल्या दिवसांना टिंब आणि गोळीला फुली करत होते. सुरुवातीच्या महिन्यात १५ टिंबं आणि ११ फुल्या होत्या, गेल्या महिन्यात ४ टिंबं आणि १ फुली. फुल्या मोजायला बाईंनीच सांगितलं होतं. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस घेत राहिलं तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं. हातात मुंग्या किंवा अशक्तपणा, तापाबरोबर ताठ मान, अचानक उसळलेली भयंकर डोकेदुखी, धूसर दिसणं, किंवा पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं असेल तर खुर्ची-टेबल नंतर, आधी डॉक्टर.

अजूनही १८ ते २० तारखेला मान आखडतेच. तेव्हा दिवसाचे दहा-दहा तास बसणं होतं, आणि तेवढ्या बसण्याला स्टँड पुरत नाही. अंबडला एखाद्या कारखान्यात जाऊन काम करायचं असेल तर कीबोर्ड, माउस आणि कॉम्प्युटरचा चष्मा पिशवीत नेते. लॅपटॉपखाली तिथल्याच दोन-तीन जाड फाइली लावते.