पेट्रिऑनचं पॉडकास्ट स्पॉटिफायवर: आठ महिन्यांनंतर

पैसे वेळेवर गेलेले, पेट्रिऑनवर मेंबरशिप चालू दिसते, तरी स्पॉटिफायवर प्रत्येक भागाला कुलूप. असं झालं की बहुतेक जण आधी कार्डवर संशय घेतात. पण पेट्रिऑनवर मेंबरशिप चालू असेल, तर पैशाचा प्रश्न तिथेच मिटला. आधी खातं तपासा.

पॉडकास्ट करणाऱ्याला पेट्रिऑनवर दरमहा पैसे द्यायचे आणि त्याचे सशुल्क भाग स्पॉटिफायवर ऐकायचे, ही सोय 2023 मध्ये आली. पेट्रिऑनवरून स्पॉटिफाय जोडताना बहुतेकदा ब्राउझर उघडतो आणि त्यात जे खातं आधीच लॉगिन असेल तेच जोडलं जातं. ॲपमध्ये तुम्ही मोबाइल नंबरने आलेले असता, ब्राउझरमध्ये जुनं गूगलचं खातं उघडं असतं. जोडणी यशस्वी होते, पण भलत्याच खात्याला. फॅमिली प्लॅनमध्ये हे हमखास घडतं, कारण प्लॅन एक असला तरी प्रत्येकाचं खातं वेगळं आणि कुलूप फक्त जोडलेल्या खात्यालाच उघडतं.

ओळखायचं कसं? ब्राउझरमध्ये spotify.com/account उघडून तिथला ईमेल आणि युजरनेम ॲपमधल्या खात्याशी ताडून पाहा. वेगळे निघाले तर spotify.com/account/apps वर जा, पेट्रिऑनसमोरचं Remove access दाबा, लॉगआउट करा, योग्य खात्याने लॉगिन करा आणि मगच पेट्रिऑनवरून पुन्हा जोडा. लॉगआउट विसरलात तर तीच चूक परत होते. आणखी एक, सशुल्क भाग बहुधा वेगळा शो म्हणून दिसतात. नेहमीच्या मोफत शोमध्ये शोधत बसू नका.

पहिले दोन महिने मला हीच पद्धत सर्वात सोयीची वाटत होती. गाणी आणि पॉडकास्ट एकाच ॲपमध्ये, शिवाय प्रीमियम नसलं तरी चालतं. आता मत बदललंय. बहुतेक शो खासगी आरएसएस लिंकही देतात, म्हणजे पॉडकास्ट ॲपमध्ये टाकला की भाग तिथे दिसतात असा पत्ता. ती साधारण अशी दिसते:

```
https://www.patreon.com/rss/...?auth=...
```

`auth=` पुढचा भाग म्हणजे तुमची किल्ली. ही लिंक स्पॉटिफायमध्ये टाकता येत नाही, पण अँटेनापॉड या अँड्रॉइडवरच्या पॉडकास्ट ॲपमध्ये ‘पॉडकास्ट जोडा’ इथे आरएसएस पत्त्याच्या जागी चिकटवली की काम झालं. खातं जोडायची भानगडच उरत नाही. मेंबरशिप संपल्यावर स्पॉटिफायवरचे भाग बंद होतात, पण अँटेनापॉडमध्ये उतरवून घेतलेल्या फाइली फोनमध्येच राहतात. दर महिन्याला पैसे मोजणाऱ्याला हा फरक मोठा आहे. तोटा एवढाच की भाग कुठपर्यंत ऐकला, हे एका ॲपचं दुसऱ्याला कळत नाही.

लिंक मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ती ज्याच्या हाती पडेल, तो तुमच्या पैशांवर ऐकेल, आणि ती गैरवापर म्हणून बंद झाली तर फीड तुमचंच थांबेल.