घाऊक स्टेशनरीचं ऑर्डर पेज: दहा महिने वापरल्यावर

वाईत शाळेच्या रस्त्यावर आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. गेल्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे २०२५ च्या सुरुवातीपर्यंत, खरेदीची पद्धत ठरलेली होती. अण्णा, म्हणजे माझे सासरे, वहीत यादी करायचे, महिन्यातून एकदा पहाटेच्या एसटीने पुण्याला जायचे आणि अप्पा बळवंत चौकात फिरून माल ट्रान्सपोर्टला टाकून संध्याकाळी परत यायचे. मधल्या काळात काही संपलं तर फोन करायचा आणि फोनवर सांगितला जाईल तो भाव घ्यायचा. आता त्यांच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. आमच्या एका घाऊक व्यापाऱ्याने दुकानदारांसाठी ऑर्डरचं पेज सुरू केलं, तेव्हापासून खरेदी माझ्याकडे आली. आज डिसेंबर आहे. मे-जूनचा पूर्ण सीझन त्यावर काढला, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येईल.

पेज कसं आहे ते आधी सांगते. जीएसटी नंबर देऊन खातं उघडायचं, मग भाव दिसतात. प्रत्येक वस्तूखाली स्लॅबचा छोटा तक्ता असतो: इतक्या नगांना हा भाव, त्यापुढे हा. कमीत कमी किती घ्यावं लागेल तेही तिथेच लिहिलेलं असतं. ऑर्डर पाच हजारांच्या वर गेली की ट्रान्सपोर्ट फुकट, खाली राहिली तर दीडशे रुपये. आणि जुन्या ऑर्डरींच्या यादीत प्रत्येकीसमोर रीऑर्डरचं बटण आहे, ते दाबलं की तोच माल तसाच्या तसा कार्टमध्ये येतो.

सगळ्यात आधी स्लॅबचं गणित समजून घ्यावं लागतं, कारण ते दोन प्रकारचं असू शकतं. एका प्रकारात वरचा स्लॅब गाठला की सगळ्याच मालाला कमी भाव लागतो. दुसऱ्यात फक्त त्यापुढच्या नगांना लागतो. आमच्या व्यापाऱ्याकडे पहिला प्रकार आहे, पण पेजवर तसं कुठेही लिहिलेलं नाही. मी कार्टमध्ये एकेक डझन वाढवत एकूण रक्कम बघितली, तेव्हा ते कळलं.

मे महिन्यातलं वह्यांचं उदाहरण देते. दोनशे पानी लाँगबुक पाच ते नऊ डझनाला नगामागे ३६ रुपये आणि दहा डझनापासून ३४ रुपये, जीएसटी वेगळा. मला नऊ डझन हव्या होत्या. १०८ वह्यांचे ३,८८८ रुपये झाले. दहावा डझन टाकल्यावर १२० वह्यांचे ४,०८० झाले. म्हणजे शेवटच्या बारा वह्या मला फक्त १९२ रुपयांत, सोळा रुपयाला एक अशा पडल्या. तेव्हाचा बारा टक्के जीएसटी धरला तरी अठरा रुपये. जूनमध्ये ती वही आमच्याकडे दिवसाला डझनभर जाते. तिथे दहावा डझन न घेणं म्हणजे समोरचे पैसे सोडून देणं होतं. फोनवरच्या खरेदीत हे मला कधी दिसलंच नसतं, कारण नऊ डझन सांगितल्यावर दहाचा भाव आपण होऊन कोण सांगणार?

पण याच तक्त्याने दुसऱ्या बाजूला मला अडकवलंही. कंपासपेटी बारा नगांपासून ८८ रुपये होती, अठ्ठेचाळीस नगांपासून ८२. वह्यांच्या उत्साहात मी अठ्ठेचाळीस घेतल्या. नगामागे सहा रुपये, म्हणजे २८८ रुपये वाचले असं धरलं. अण्णांनी बिल बघितलं आणि एवढंच विचारलं, "सूनबाई, जुलैनंतर कंपास किती जातात गं आपल्या?" मला सांगता आलं नाही. त्यांची जुनी वही काढली. जून-जुलै मिळून पंधरा-सोळा, पुढे महिन्याला दोन-तीन. बारा पेट्या घेतल्या असत्या तर १,०५६ रुपये लागले असते आणि संपत आल्यावर आणखी बारा मागवता आल्या असत्या. मी ३,९३६ घातले. आज डिसेंबरात फळीवर वीस पेट्या आहेत. झाकणावरचं चित्र या वर्षी मुलांना आवडतंय, पुढच्या जूनमध्ये आवडेलच असं नाही. बचतीचे २८८ रुपये शेवटची पेटी विकली गेली तरच माझे, आणि सीझनच्या सुरुवातीला जवळजवळ तीन हजार रुपये जास्तीचे फळीवर अडकले. या वर्षीच्याच जून महिन्यात ऐन गर्दीत ड्रॉइंग बुकं संपली होती आणि हातात रोख नव्हती.

तेव्हापासून माझा नियम एकच: वरच्या स्लॅबसाठी जो जास्तीचा माल घ्यावा लागतो, तो किती दिवसांत विकला जाईल ते आधी काढायचं. महिन्याच्या आत जाणार असेल तर घ्यायचा. नाहीतर खालचा भाव घ्यायचा आणि पुढे जायचं. फुकट ट्रान्सपोर्टच्या पाच हजारांच्या अटीलाही हेच लागू आहे. चारशे रुपये कमी पडले तर नवीन काहीतरी टाकून बघू म्हणत नाही, दहा रुपयांची पेनं किंवा ए-फोरचे कागद टाकते. ते नेहमीच लागतात.

स्लॅबचे भाव जीएसटी सोडून दिसतात, हे नव्या माणसाने ध्यानात ठेवावं. आमचं दुकान जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे, त्यामुळे खरेदीवर भरलेला कर आम्हाला वजा मिळत नाही. आमच्यासाठी कर धरून पडलेला भाव हाच खरा भाव. या बाबतीत पेजला एक शाबासकी द्यायला हवी. २२ सप्टेंबरपासून वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि शार्पनर यांवरचा जीएसटी शून्य झाला. त्या आठवड्यात मी उन्हाळ्यातली जुनी ऑर्डर रीऑर्डर केली, तेव्हा कार्टमध्ये बरोबर शून्य लागला होता. जुन्या बिलातला कर ओढून आणला नव्हता.

रीऑर्डरबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण माझा वेळ सगळ्यात जास्त तिथेच वाचला आणि चुकाही तिथेच झाल्या. चाळीस वस्तूंची ऑर्डर शोधून टाकायला मला पाऊण तास लागायचा, आता दहा मिनिटं लागतात. हे बटण भाव आजचा लावतं, तो भाग ठीक. नगांचा आकडा मात्र जुना उचलतं. नग म्हणजे इथे बॉक्सचा आकडा, आतल्या वस्तूंचा नाही.

ऑगस्टमध्ये तेच झालं. खोडरबरचा बॉक्स आधी वीस नगांचा होता, मी पाच बॉक्स घेत असे, ६४ रुपयांप्रमाणे ३२० रुपये. कंपनीने पॅकिंग बदलून बॉक्स चाळीसचा केला. रीऑर्डरमध्ये "५" तसाच आला आणि शंभराच्या जागी दोनशे खोडरबरं घरी आली, ६२० रुपयांची. पेजवर नवीन पॅकिंग लिहिलेलं होतं, पण वस्तूचं पान उघडलं तरच. कार्टमध्ये तेव्हा फक्त नाव आणि आकडा दिसायचा. फोन केला तेव्हा तिथला मुलगा नीट बोलला, "ताई, माल निघाल्यावर परत घेता येत नाही, पण सरांना सांगतो." दोन महिन्यांनी कार्टमध्ये पॅकिंग दिसायला लागलं, हे मी मोकळेपणाने सांगते.

दुसरी गोष्ट अजून तशीच आहे आणि ती कळायला अवघड आहे. बॉलपेनची निळी, काळी, लाल अशी पाकिटं मिळून स्लॅब मोजतात. दहा पाकिटं झाली की पाकीट १४८ रुपयांना, त्याखाली १५४. माझी नेहमीची ऑर्डर सहा निळी, तीन काळी, एक लाल. ऑक्टोबरमध्ये लाल शिल्लक नव्हतं. रीऑर्डरने ते गुपचूप गाळलं, वर एक बारीक ओळ आली की एक वस्तू उपलब्ध नाही. पाकिटं नऊ उरली आणि सगळ्यांचा भाव १५४ झाला, एकूण १,३८६ रुपये. लालच्या जागी एक निळं जास्त टाकलं तर दहा पाकिटं १,४८० रुपयांत येतात, म्हणजे वीस पेनांचं ते पाकीट ९४ रुपयांत पडतं. मला हे त्या दिवशी दिसलं कारण मी दर वेळी जुन्या बिलाचा भाव कार्टमधल्या भावाशेजारी ठेवून बघते. एखादी वस्तू गळाली आणि तिच्या भावंडांचा भाव चढलेला दिसला, की स्लॅब मोडला आहे असं समजायचं. वस्तू गाळताना "यामुळे बाकीचा भाव वाढतोय" एवढी एक ओळ दाखवा, असं मी व्यापाऱ्याला दोनदा लिहून कळवलंय. लहान दुकानदाराला त्याची फार गरज आहे.

आणखी एक मर्यादा आहे, पण तिचा दोष पेजला देता येत नाही. जुन्या ऑर्डरीत मी काय घेतलं ते आहे, काय विकलं गेलं ते नाही. कंपासपेटीसमोर आजही "मागील वेळी ४८" असं दिसतं. पुढच्या मे महिन्यात मी या वर्षीची ऑर्डर डोळे मिटून रीऑर्डर केली तर आणखी अठ्ठेचाळीस येतील. म्हणून अण्णांची वही बंद केलेली नाही. फक्त तिचं काम बदललंय. आता दर रविवारी दुपारी दुकान बंद असताना अण्णा फळ्या मोजून शिल्लक लिहितात आणि मी सोमवारी रीऑर्डर दाबून प्रत्येक आकड्यातून ती शिल्लक वजा करते. त्यांना मोजायला अर्धा तास, मला दुरुस्तीला पंधरा मिनिटं.

ज्यांचं दुकान आमच्यासारखं आहे, माल ठराविक आहे आणि पुण्याला जाणं परवडत नाही, त्यांनी असं पेज जरूर वापरावं. नवीन माल, नवीन डिझाइनच्या वह्या किंवा दप्तरं बघायची असतील तर मात्र फोटोवर घेऊ नका. दप्तराची चेन आणि शिलाई हातात घेतल्याशिवाय कळत नाही, ती खरेदी आम्ही अजूनही चौकात जाऊनच करतो, आता अण्णांऐवजी मी जाते.

सध्या बोर्डाच्या परीक्षांची ऑर्डर तयार करतेय. रायटिंग पॅडला पंचवीस नगांचा स्लॅब आहे आणि अण्णांच्या वहीत गेल्या फेब्रुवारी-मार्चला एकोणीस गेल्याची नोंद आहे. वीस लिहिले आहेत.