‘शून्य टक्के’ हप्त्यांवर घेतलेलं वॉशिंग मशीन: सगळे हप्ते फिटल्यानंतरचा हिशोब

मशीनबद्दल तक्रार नाही, ते आधीच सांगून टाकते. बेळगावात जून ते सप्टेंबर कपडे वाळवणं म्हणजे काय असतं ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. पंख्याखाली दोन दिवस टाकलेल्या चादरीलाही कुबट वास येतो. मशीनमधनं कपडे निथळून, अर्धे वाळून बाहेर पडतात, एवढं मला पुरतं. हा अनुभव मशीनचा नाही, ते ज्या ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ ॲपवरनं घेतलं त्या ॲपच्या योजनेचा आहे. ॲपचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण खडेबाजारापासून टिळकवाडीपर्यंत बहुतेक दुकानांत थोड्याफार फरकानं हीच योजना समोर ठेवतात.

व्यवहार असा होता. मशीनवर किंमत २४,००० लावलेली. लगेच यूपीआय केलं तर २३,००० ला देतो म्हणाले. पाकीट काढेपर्यंत सेल्समन म्हणाला, “ताई, एकदम कशाला देताय? सहा हप्ते करा की. व्याज काय नाही, नुसता फाईल चार्ज.” हप्ता चार हजारांचा, सगळे समान. पहिला हप्ता काउंटरवरच भरायचा, उरलेले पाच दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातनं आपोआप जाणार. फाईल चार्ज, म्हणजे प्रोसेसिंग फी, ६०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटीचे १०८. म्हणजे दुकानातनं बाहेर पडताना ४,७०८ भरले आणि बिल २४,००० चं फाटलं. योजना घेतली की यूपीआयची सूट गेली, हे बिलावर कुठंही लिहिलेलं नसतं.

दुकानदाराचा हिशोब सरळ असतो: चोवीस हजारांवर ७०८, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाहीत. भागाकार बरोबर आहे, पण भागलं चुकीच्या आकड्यानं. चोवीस हजार रुपये सहा महिने माझ्याकडं राहिले असते तर ते चाललं असतं. ते एक दिवसही राहिले नाहीत. चार हजार काउंटरवरच गेले, म्हणजे उधारी सुरू झाली ती वीस हजारांची, आणि दर महिन्याला ती चार हजारांनी खाली येत गेली. पहिला महिना वीस हजार, मग सोळा, बारा, आठ आणि शेवटच्या महिन्यात फक्त चार. ही पाच महिन्यांची बाकी एकाखाली एक मांडून बेरीज केली तर साठ हजार होते. तिला बारानं भागा: पाच हजार. म्हणजे ही सगळी उधारी ‘पाच हजार रुपये वर्षभर वापरले’ एवढीच भरते. पाच हजारांना वर्षाला ७०८, म्हणजे शेकडा १४ पेक्षा थोडे जास्त. फी आधीच कापून घेतात, त्यामुळं काटेकोर आकडा आणखी थोडा वर जातो, १४.६ पर्यंत.

मी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपचे हिशोब बघते. व्यापाऱ्याला उधारीवर माल दिला की रोख आणि उधार भावातला फरक हेच त्याचं व्याज, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. तोच न्याय इथं लावायचा. रोखीनं मशीन २३,००० ला मिळत होतं. मी एकूण भरले २४,७०८. वरचे पैसे ७०८ नाहीत, १,७०८ आहेत. त्याच पाच हजारांवर १,७०८ म्हणजे शेकडा ३४, आणि काटेकोर काढलं तर ३६.६. क्रेडिट कार्डाची बाकी ओढत नेल्यावर जो दर बसतो, त्याच्या आसपास. आणि पाटीवर ‘शून्य’.

काटेकोर आकडा घरी एक्सेलमध्ये काढता येतो. रोख किंमत २३,००० मधनं काउंटरवर भरलेले ४,७०८ वजा केले की १८,२९२ उरतात. खरी उधारी एवढीच. ती पाच हप्त्यांत फेडली:

```
=RATE(5,-4000,18292)*12
```

उत्तर ०.३६६ च्या जवळ येतं. तुमच्या योजनेत पहिला हप्ता दुकानात घेत नसतील, तर हप्त्यांची संख्या आणि तिसरा आकडा तेवढा बदला.

ही हजाराची सूट का जाते, त्याचं कारण दुकानदाराच्या वाईटपणात नाही. ॲपच्या कंपनीकडनं दुकानाला बिलाचे पूर्ण पैसे मिळत नाहीत, ठरलेलं कमिशन कापून मिळतात. ते कमिशन कुणाच्या तरी खिशातनं निघायला हवंच. रोख गिऱ्हाइकाला ते उतरवून देतात, हप्तेवाल्याला देत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्टच बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं, आणि क्रेडिट कार्डावरच्या असल्या योजनांत व्याज बऱ्याचदा प्रोसेसिंग फीच्या आड दडवलेलं असतं. पाट्या मात्र अजून तशाच आहेत.

आता ॲपबद्दल एक चांगली गोष्ट. संमतीचं बटण दाबायच्या आधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचं एक पान येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ते द्यावंच लागतं, आणि त्यात ‘एपीआर’, म्हणजे फीसकट पडणारा वार्षिक दर, लिहावाच लागतो. माझ्या पानावर वर ठळक अक्षरांत व्याजदर ० होता आणि दोन बोटं खाली एपीआर १४ च्या वर. दोन्ही आकडे एकाच पानावर, एकाच कर्जाचे! सेल्समननं फोन हातात घेऊन ते पान अंगठ्यानं सर्रकन वर ढकललं. मी परत खाली आणून वाचलं. फक्त या एपीआरमध्ये दुकानाची गेलेली सूट धरलेली नसते, कारण ती कर्ज देणाऱ्याच्या कागदावर येतच नाही. ती आपली आपणच मिळवायची. हे पान कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावं असाही नियम आहे. माझ्या ॲपमध्ये इंग्रजी, हिंदी आणि कन्नड होतं. मराठी नव्हतं. माझ्या सासूबाईंनी ही योजना घेतली असती तर त्यांनी कुठलं पान वाचलं असतं, हा प्रश्न मी ॲपच्या मदत क्रमांकावर विचारला. “नोंद घेतली आहे” असं उत्तर आलं, हिंदीत.

हप्त्याच्या तारखेचा त्रास मात्र खरा आहे. ५ तारीख बदलून मिळत नाही. उद्यमबागेत लहान वर्कशॉपचे पगार सातला होतात, कधी दहाही उजाडते. माझ्या खात्यात शिल्लक होती म्हणून निभावलं. आमच्याकडच्या एका टर्नरनं याच ॲपवर मोबाईल घेतला होता. त्याचा एक हप्ता परत गेला. ॲपनं ३५० लावले आणि बँकेनं वेगळे २५०, अधिक जीएसटी, म्हणजे २९५. मिळून ६४५, दुसऱ्यांदा फाईल चार्ज भरल्यासारखंच. पगार जमा झाला त्याच संध्याकाळी त्यानं हप्ता भरला, तरी दोन्ही दंड राहिलेच. असले दंड एपीआरमध्ये धरत नाहीत. त्याच पानावर खाली वेगळ्या रकान्यात असतात, आणि पगाराची तारीख मागंपुढं होणाऱ्यानं आधी तो रकाना बघावा.

लवकर फेडण्याचा प्रकार त्याहून चमत्कारिक. माझ्या नणंदेनं खानापुरात याच अटींवर, याच किमतीचा फ्रीज घेतला होता. भिशी लागली तेव्हा, तिसऱ्या हप्त्यासोबत, तिनं सगळी बाकी भरून टाकली. सोसायटीचं कर्ज लवकर फेडलं की पुढचं व्याज वाचतं, तसं इथंही वाचेल असं तिला वाटलं होतं. एक रुपयाही वाचला नाही. व्याज शून्य, त्यामुळं कमी काय करणार? फी पहिल्याच दिवशी घेऊन झालेली. उलट उधारी वापरली फक्त दोन महिने, वीस आणि सोळा हजारांची. त्यांची बेरीज छत्तीस, बारानं भागली की तीन हजार. तीन हजारांवर ७०८ म्हणजे शेकडा साडेतेवीस. लवकर फेडल्यामुळं दर चौदावरनं साडेतेवीसवर गेला, आणि सुटीचा हजार यात अजून धरलेलाच नाही. या योजनेत पैसे हातात आले तरी ते आपल्या बचत खात्यातच ठेवावेत आणि हप्ते आपापल्या तारखेला जाऊ द्यावेत. विचार बदलून लगेच कर्ज रद्द करायचं म्हटलं तरी, त्या पानावर तसं लिहिलेलं असेल तर, फी ते ठेवून घेऊ शकतात.

दुसरा रस्ता काय होता? आमच्या गल्लीत पिग्मी गोळा करायला येणारे मामा रोज दारात असतात. माझ्या पिग्मीवर सोसायटी १२ टक्क्यांनी, उतरत्या बाकीवर कर्ज देते. तेच १८,२९२ तिथनं पाच हप्त्यांसाठी घेतले असते तर हप्ता ३,७६९ च्या आसपास आणि एकूण व्याज साडेपाचशेच्या आसपास आलं असतं. १,७०८ च्या जागी साडेपाचशे. त्यासाठी सोसायटीत एक चक्कर, दोन सह्या आणि पासबुक लागतं. ॲपला चार मिनिटं लागली. उरलेले साडेअकराशे रुपये हे त्या चार मिनिटांचे. पिग्मी नसलेल्याला हा रस्ताच नाही, हेही मान्य. पण सोसायटीतही विचारून घ्या की दर उतरत्या बाकीवर आहे की फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर, कारण फ्लॅट १२ म्हणजे पुन्हा हाच खेळ.

शेवटचा हप्ता गेल्यावर ॲपमधनं ना-देय दाखला उतरवून घेतला. तो आपोआप येत नाही. ‘कर्जे’ मध्ये जाऊन जुन्या कर्जावर टिचकी मारावी लागते. सिबिलवर हे साधं खरेदीचं बिल म्हणून येत नाही, स्वतंत्र कर्ज म्हणून येतं. माझं खातं बंद झाल्याची नोंद दोन-तीन आठवड्यांनी दिसली. घराच्या किंवा गाडीच्या कर्जाला अर्ज करणार असाल तर त्याआधी एवढं तपासा.

ॲप चालवायला सोपं आहे, कुठं फसवलेलं नाही, कागदावर सगळं आहे. त्याला पाचपैकी तीन तारे. योजनेला मात्र दोनच. रोखीला सूट नसेल आणि पहिला हप्ता महिन्यानंतर घेत असतील, तर याच ७०८ रुपयांचा दर दहाच्या थोडा वर पडतो. तसं मिळालं तर मी परत घेईन. दुकानात शिरल्यावर हप्त्याचं नाव न काढता आधी रोखीची किंमत विचारायची आणि ती चिठ्ठीवर लिहून घ्यायची. हप्त्याचं नाव काढल्यावर ती किंमत कुणी सांगत नाही.