गुडघ्यातलं पाणी: गाऊट की जंतुसंसर्ग?

ताप आणि सुजलेला गुडघा. सांध्यातून काढलेल्या पाण्याच्या रिपोर्टवर पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरमागे 62,000, त्यात 92 टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे तीव्र दाहात वाढणाऱ्या पेशी. 50,000 च्या वर जंतुसंसर्गाची शंका बळावते. पण गाऊटच्या, म्हणजे युरेटचे स्फटिक साचून सांधा सुजण्याच्या आजाराच्या, जोरदार झटक्यातही पेशी इतक्या चढतात, म्हणून निव्वळ आकड्यावर मी निकाल देणार नाही.

पुढची ओळ जास्त बोलकी आहे: पोलराइज्ड सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या आत सुईसारखे युरेटचे स्फटिक. गाऊट पक्का. तरीही संसर्ग नाही असं म्हणता येत नाही. दोन्ही एकाच सांध्यात असू शकतात. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे पाण्याला रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, जंतू दिसले नाहीत, पण ती तपासणी अनेकदा जंतू हुकवते. म्हणून कल्चरचा, म्हणजे पाण्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट येईपर्यंत अशा रुग्णाचं अँटिबायोटिक चालू हवं आणि सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन नको.