गच्चीवरचं सोलर, वळवाचं वादळ आणि पाच मिलिमीटरची भानगड

युनिटं, बिल, सबसिडी यावर सगळ्यांनी भरपूर लिहिलंय. मी पॅनल स्टँडला पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर लिहितोय. मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात आमच्या अलिबागच्या गच्चीवरच्या सहापैकी टोकाचं एक पॅनल उपसून वाकलं. वेंडर म्हणाला, "काका, नैसर्गिक आपत्ती, वॉरंटीत बसत नाही. आणि पॅनल ५४०० पास्कलचं आहे, आणखी काय पाहिजे?"

५४०० हा आकडा पॅनलवर वरून पडणाऱ्या भाराचा, म्हणजे मुख्यतः बर्फाचा. अलिबागला बर्फ कुठला? वारा पॅनलखाली शिरून ते वर उचलतो आणि त्या बाजूची चाचणी साधारण २४०० पास्कलची असते. त्यातही दीडपट सुरक्षिततेची भर धरलेली, म्हणजे डिझाइनला हाती १६००. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब ११६० पास्कलच्या आसपास. अडीच चौरस मीटरच्या पॅनलवर हा दाब पूर्ण लागला तर जवळजवळ तीनशे किलोची ओढ. गच्चीच्या कडेला आणि कोपऱ्यात ती आणखी वाढते.

तरी मूळ दाब ११६० हा १६०० च्या आतच बसतो हे बघून पॅनल कच्चं निघालं ही माझी वेंडरकडची तक्रार मी मागे घेतली. मग स्टूल घेऊन क्लॅम्प बघितला. पॅनलची फ्रेम ३० मिलिमीटरची, टोकाचा क्लॅम्प ३५ चा, आणि मधली फट भरायला खाली दोन वॉशर कोंबलेले! क्लॅम्पचा ओठ फ्रेमवर जेमतेम टेकलेला. शिवाय कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लांब बाजूवर कोपऱ्यापासून बरंच आत क्लॅम्प लावायचा पट्टा दाखवलाय. आमचे कोपऱ्यापासून चार बोटांवर. चाचणीचे आकडे त्या पट्ट्यात लावलेल्या क्लॅम्पसाठीच खरे, हे वेंडरला दाखवल्यावर त्यानं क्लॅम्प गुपचूप बदलून दिले. पॅनलचे पैसे मात्र नाहीत.

गारांबद्दलही विचारणा येते. नेहमीच्या चाचणीत २५ मिलिमीटरची बर्फाची गोळी ताशी ८३ किलोमीटर वेगानं मारतात. लिंबाएवढी गार त्याबाहेरची. काच शाबूत असली तरी आत सेल तडकलेला असू शकतो. गारपिटीनंतर निरभ्र दिवशी युनिटं कमी पडत असतील तर थर्मल कॅमेऱ्यानं तापलेला ठिपका शोधून घ्या.

विम्याचं ऐका. २०२१ पासूनच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत वादळ, चक्रीवादळ आहे आणि सोलर पॅनल घराच्या इमारतीत मोडतात. पण इमारतीची रक्कम कार्पेट एरियावरून निघते. सोलरची किंमत वेगळी जाहीर करावी लागते. आमच्या पॉलिसीत ती नव्हती, त्यामुळे नवं पॅनल खिशातून. आता जाहीर केली आहे, सोबत बिल आणि क्लॅम्पचे फोटो जोडून. प्रीमियमचा फरक इतका किरकोळ की एजंटानं आधी विचारलं का नाही, याचाच राग आहे.