हार्नेस, पट्टा की हेड हॉल्टर: ओढणाऱ्या कुत्रीसोबत काही महिने वापरल्यावर

आमची कुत्री 28 किलोची आहे. छाती खोल, डोकं निमुळतं, आणि बाहेर पडली की सगळा जोर लावून ओढते. तिच्यावर गेले काही महिने तिन्ही साधनं आलटून पालटून वापरली. माझं मत आधीच सांगते: रोज फिरायला हार्नेस, गळ्यातला पट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यासाठी, आणि हेड हॉल्टर, म्हणजे नाकावरून आणि कानांमागून जाणारा पट्टा, ठरावीक वेळेपुरता.

पट्ट्याचं थोडक्यात सांगते. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सपाट जायला हवीत, हे बहुतेकांना माहीत असतं. पण निमुळत्या डोक्याच्या कुत्र्यांत मान आणि डोकं जवळपास सारखंच रुंद असतं. असं कुत्रं घाबरून मागे सरकलं, की दोन बोटांच्या मापाचा पट्टाही कानांवरून निसटतो. घरातच पट्टा हाताने हळूच कानांकडे सरकवून बघा. सहज वर आला तर त्याला लीश लावू नका. आणखी आवळणं हा उपाय नाही, कारण ओढताना सगळा भार श्वासनलिकेवर येतो. फिरताना घरघर किंवा कोरडा खोकला ऐकू आला, तर तो त्याचाच परिणाम असू शकतो.

हार्नेस निवडताना आधी पुढून बघायचं. छातीवरून आडवा पट्टा जाणारे हार्नेस खांद्याच्या सांध्यावर बसतात आणि पुढचा पाय मोकळा पुढे जायला अडथळा होऊ शकतो. आम्ही घेतलेल्याचा पुढचा भाग इंग्रजी वाय अक्षरासारखा आहे. गळा संपतो तिथे बोट दाबलं की छातीच्या हाडाचं टोक लागतं. दोन्ही पट्टे त्या हाडावर एकत्र यायला हवेत. त्याच्या वर आले तर गळ्यावर दाब येतो, म्हणजे हार्नेस घालून उपयोग काय?

मापाचा प्रश्न मात्र मोठा. तिच्या छातीचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागे टेप धरून, 74 सेंटीमीटर भरला. मध्यम माप 60 ते 76 चं होतं आणि मोठं 70 ते 90 चं. दोन्हीत ती बसत होती, पण मोठंच योग्य ठरलं. मध्यम मापात घेराचा पट्टा जवळजवळ शेवटपर्यंत सोडावा लागत होता. शिवाय पुढच्या पायांमधून जाणारा पट्टा आखूड पडल्यामुळे घेराचा पट्टा पुढे खेचला जाऊन थेट काखेत बसत होता. तिच्या आकाराच्या कुत्र्याला कोपर आणि घेराचा पट्टा यांत तीन-चार बोटांचं अंतर हवं, लहान कुत्र्याला कमी चालेल. काखेतले केस तुटलेले दिसले, कातडी लाल दिसली किंवा पावलं आखूड पडू लागली, तर आधी हे अंतर तपासा.

उभ्या कुत्र्यावरचं माप पुरत नाही. तिला बसवलं, झोपवलं, चालवलं आणि प्रत्येक वेळी पट्ट्यांखाली दोन बोटं जातात का ते पाहिलं. मग लीश पुढून धरून तिला मागे सरकू दिलं. घेराचा पट्टा कोपरांवरून पुढे निसटू लागला, तर रस्त्यावर कुत्रं त्यातून सुटणार हे नक्की. आवळूनही तसंच होत असेल, तर बरगड्यांच्या मागच्या भागात आणखी एक पट्टा असलेला हार्नेस घ्यावा.

लीश छातीवरच्या रिंगला लावली की ओढताना तिचं अंग बाजूला वळतं आणि जोर कमी होतो. पण त्याने ओढायची सवय जात नाही. लीश ताणली की थांबायचं, सैल झाली की चालायचं, हे आम्हाला करावंच लागलं. ओढताना पुढची रिंग थोडी सरकते, ते ठीक. लीश सैल झाल्यावरही रिंग एका बाजूलाच राहिली, तर हार्नेस सैल आहे.

हॉल्टर आम्ही गर्दीतून जाताना वापरतो, कारण डोकं वळलं की शरीर वळतं. आमच्या प्रकारात मानेचा पट्टा कानांच्या लगेच मागे, उंच बसतो आणि त्याखाली एकच बोट जावं लागतं. तो खाली घसरला की नाकावरची कडी डोळ्यांपर्यंत चढते. कडी नाकाच्या काळ्या भागापर्यंत सरकावी, पण त्यावरून निघू नये. तोंड पूर्ण उघडून धापा टाकता यायलाच हव्यात. हे मुसकं नाही, कुत्रं हॉल्टर घालून खाऊ शकतं आणि चावूही शकतं. चपट्या तोंडाच्या जातींवर तो टिकत नाही.

पहिल्याच दिवशी बकल लावून बाहेर नेलं की कुत्रं पंजाने नाक खाजवत जमिनीवर घासत बसतं. आम्ही कडीतून खाऊ धरला आणि ती स्वतःहून नाक घालेपर्यंत बकलला हातच लावला नाही. त्यात आठवडे गेले, पण ते टाळता येत नाही. हॉल्टरला लांब लीश कधीच लावू नका. कुत्रं धावत सुटून टोकाला पोचलं, की झटका सरळ मानेला बसतो. हॉल्टर निसटला तरी कुत्रं हातात राहावं म्हणून आम्ही हॉल्टरपासून हार्नेसला एक छोटी जोडपट्टी अडकवतो.

काही महिन्यांत एक गोष्ट ठळक दिसली: हार्नेसच्या सरकत्या कड्या हळूहळू सैल होतात. माप नीट बसल्यावर मी कडीच्या कडेने पट्ट्यावर पेनाने रेघ ओढली. रेघ आणि कडी यांत फट दिसली की त्याच दिवशी पुन्हा बसवते.